‘हो’ म्हणजे नेमकं कशाला हो?

‘शासनाच्या अनुदानातून बांधलेल्या शौचालयाचा आपल्या घरातील सर्व सदस्य नियमित वापर करतात का व त्याची स्वच्छता राखतात का?’ उत्तरासाठी दोन चौकटी : हो, नाही.

मराठवाड्यातल्या एका तालुक्यात व्हायच्या सर्वेक्षणाच्या कच्च्या प्रश्नावलीत हा प्रश्न होता. ती प्रश्नावली तपासायला गेली पुण्यातल्या एका संशोधिकेकडे. तिने उमेदवारीच्या काळात गावोगाव फिरून फॉर्म भरले आहेत आणि आता कित्येक वर्षं ती इतरांनी विचारायचे प्रश्न लिहिते. काम मागणाऱ्या संस्थेची अपेक्षा माफक होती : शुद्धलेखन पाहावं, भाषा जरा सोपी करावी. तिने मात्र या एका प्रश्नापाशीच बराच वेळ काढला.

तिची पद्धत साधी आहे. प्रश्न मोठ्याने वाचायचा आणि त्यातल्या कोणकोणत्या गोष्टीला माणूस स्वतंत्रपणे ‘नाही’ म्हणू शकेल, तिथे पेन्सिलीने उभी रेघ मारायची. या वाक्यात पहिली रेघ ‘शासनाच्या अनुदानातून’पाशी आली, कारण कुणी स्वतःच्या पैशाने किंवा उसनवारीने संडास बांधलेला असू शकतो. दुसरी ‘सर्व सदस्य’पाशी : सुना जातात, सासरे जात नाहीत. तिसरी ‘नियमित’पाशी : पावसाळ्यात वापर होतो, उन्हाळ्यात विहीर आटली की होत नाही. चौथी ‘वापर’पाशी आणि पाचवी ‘स्वच्छता राखतात’पाशी. पाच रेघा आणि उत्तराला चौकट एकच.

आता समजा एखाद्या बाईने ‘नाही’ म्हटलं. ते नाही कशाला? संडास अनुदानातला नाही म्हणून नाही, की सासरे शेतात जातात म्हणून, की वापर सगळे करतात पण धुवायला कुणी तयार नाही म्हणून? पहिल्या नाहीचा उपाय करायचं कारणच नाही. दुसऱ्या नाहीसाठी त्या म्हाताऱ्या माणसाशी बोलावं लागेल, आणि तिसऱ्या नाहीचा संबंध पाण्याशी, ब्रशशी आणि घरातलं काम कोण करतं याच्याशी आहे. ही तिन्ही उत्तरं एकाच चौकटीत पडली की नंतर कितीही हुशार संख्याशास्त्रज्ञ बसवला तरी ती वेगळी करता येत नाहीत. नमुना दुप्पट केला तरीही नाही. चुकीच्या निवडीने घेतलेल्या नमुन्याला काही प्रमाणात भार देऊन सावरता येतं, सुटलेल्या घरी पुन्हा जाता येतं. प्रश्नातच मिसळलेल्या गोष्टी मात्र उत्तरातून वेगळ्या काढायला काही साधन नसतं.

जोडप्रश्न ओळखायला ‘आणि’, ‘व’, ‘किंवा’ हे शब्द शोधावेत असं नवख्यांना शिकवतात. तेवढं पुरत नाही, असं तिचं म्हणणं. या प्रश्नातला ‘व’ तर कुणालाही दिसतो. ‘सर्व सदस्य’ या दोन निरुपद्रवी शब्दांत सहा माणसांचे सहा प्रश्न दडलेले असतात, ते सहसा नजरेतून सुटतात.

याच दोन शब्दांनी किती फरक पडतो, हे मोजून पाहिलेलं आहे. 2018 साली भारतातल्या चार राज्यांच्या ग्रामीण भागात, ज्या घरांत शौचालय आहे अशाच घरांमध्ये, संशोधकांच्या एका गटाने एक प्रयोग केला. घरं चिठ्ठ्या टाकाव्यात तशी दोन गटांत वाटली. 1216 घरांना राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातला प्रश्न विचारला : तुमच्या घरातले लोक सहसा कोणत्या प्रकारचं शौचालय वापरतात? उरलेल्या 1215 घरांत प्रत्येक माणसाबद्दल वेगवेगळं विचारलं. दुसऱ्या गटात उघड्यावर जाण्याचं प्रमाण 20 ते 21 टक्के-बिंदूंनी जास्त निघालं. ज्या घरांना संडास बांधायला मदत मिळाली होती, तिथे हा फरक 28 ते 29 बिंदूंचा होता. घरं तशीच, राज्यं तीच, काळ तोच. फरक फक्त विचारण्यात. ‘बीएमजे ओपन’ या नियतकालिकात 2019 साली हा अभ्यास छापून आला. संस्थेच्या अधिकाऱ्यांसमोर तिने तो ठेवला आणि मदत घेतलेल्या घरांच्या आकड्यावर बोट ठेवलं. अनुदानाच्या घरांत फरक जास्त का असावा, हा प्रश्न तिला महत्त्वाचा वाटत होता, कारण कच्च्या प्रश्नावलीची सुरुवातच त्या शब्दाने झाली होती.

अनुदानाचा उल्लेख आधी केला की ऐकणाऱ्याच्या मनात काय उभं राहतं, हे समजायला गेल्या पंचवीस वर्षांचा महाराष्ट्र आठवावा लागतो. 2000 साली संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान सुरू झालं, गावं बक्षिसासाठी झटली. पुढे हागणदारीमुक्तीची मोहीम आली. पहाटे टमरेल घेऊन निघालेल्यांना अडवणारी ‘गुड मॉर्निंग पथकं’ अनेक गावांनी पाहिली. 2014च्या 2 ऑक्टोबरला स्वच्छ भारत अभियान सुरू झालं, पात्र घरांना 12,000 रुपये मिळू लागले, बांधलेल्या संडासाचे फोटो वर पाठवले गेले. 2018मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. एवढ्या सगळ्यानंतर कुणी अनोळखी माणूस हातात टॅब घेऊन दारात येतो आणि ‘शासनाच्या अनुदानातून बांधलेल्या’ असं म्हणत प्रश्न सुरू करतो. समोरच्या बाईला ती तपासणी वाटते. पैसे घेतलेत, मग वापरता ना? या प्रश्नाला तिच्या जागी असलेलं कुणीही ‘हो’च म्हणेल. ती खोटं बोलते असं म्हणणं तिच्यावर अन्याय करणारं आहे. प्रश्नानेच तिला एका उत्तराकडे ढकललेलं असतं.

म्हणून पहिली दुरुस्ती झाली ती जागेची. अनुदानाचा प्रश्न संशोधिकेने काढून टाकला नाही. संस्थेला ती माहिती हवीच होती. तो पार शेवटी नेला आणि त्याचं रूप बदललं : ‘हे शौचालय बांधायला पैसे कुठून आले?’ पर्याय वाचून दाखवायचे नाहीत. घरचे, कर्ज, सरकारी मदत, सरपंचाने बांधून दिलं, जे सांगतील ते नोंदवायचं, एकाहून जास्त असेल तर तेही. वापराबद्दल सगळं बोलून झाल्यावर हा प्रश्न आला तर तो मागच्या उत्तरांवर सावली टाकू शकत नाही. कागदावर निर्दोष दिसणारा प्रश्न चुकीच्या जागी बसला तर पुढचा प्रश्न कलता करतो, आणि प्रश्न सुटे सुटे तपासणाऱ्याला हा दोष दिसतच नाही.

मग वापर. इथे तिने घाई केली नाही. आधी जुनाच प्रश्न घेऊन ती दोन सर्वेक्षक मुलींबरोबर गावात गेली आणि विचारून झाल्यावर लोकांनाच विचारत बसली की तुम्ही उत्तर देताना मनात काय धरलंत. या कामाला संशोधनात आकलन-मुलाखत म्हणतात. आकडे गोळा करणं हा या मुलाखतीचा हेतू नसतो. प्रश्न ऐकणाऱ्यापर्यंत कोणत्या अर्थाने पोचतो, एवढंच पाहायचं असतं. त्यासाठी मोजकी पण वेगवेगळ्या परिस्थितीतली माणसं पुरतात.

एका घरी सूनबाईंनी पटकन ‘हो, सगळे वापरतात’ म्हटलं होतं.

‘सगळे म्हणजे कोण कोण धरलंत, ताई?’

‘आम्ही की. मी, सासूबाई, पोरगी.’

‘आणि घरातली माणसं?’

‘ते पहाटंच मळ्यात जातात. तिकडंच उरकून येतात. त्यांचं काय विचारताय?’

तिच्या दृष्टीने ती काहीच लपवत नव्हती. संडास घराचा आणि घरात वावरतात त्या बायका. तिचं ‘सगळे’ तिथपर्यंत होतं. दुसऱ्या एका घरात पुण्याला कामाला गेलेला मुलगा ‘सर्व सदस्यां’मध्ये मोजला गेला होता, कारण रेशनकार्डावर त्याचं नाव होतं. तिसऱ्या घरी आजोबांनी ‘नियमित’चा अर्थ सांगितला तो असा : ‘आजारी असलो, पाऊस असला, रातचं जावं लागलं की आम्ही नियमित तिथंच जातो.’ शब्द त्यांनी बरोबर वापरला होता. ठरावीक प्रसंगी, न चुकता. प्रश्न लिहिणाऱ्याच्या मनातलं ‘रोज’ त्यांच्यापर्यंत पोचलंच नव्हतं.

या बैठकांनंतर प्रश्न नव्याने लिहिला गेला. आधी घरातल्या माणसांची यादी : ‘गेला महिनाभर जे या घरात राहतात, एका चुलीवर जेवतात, त्यांची नावं सांगा.’ नाव, वय, बाई की पुरुष. पुण्याचा मुलगा इथेच बाजूला झाला. मग यादीतल्या एकेका नावाबद्दल प्रश्न : ‘काही जण शौचाला बाहेर जातात, काही जण शौचालयात जातात. तुमचे सासरे शेवटचे गेले तेव्हा कुठे गेले होते, बाहेर की शौचालयात?’

या वाक्यातली प्रत्येक गोष्ट ठरवून ठेवलेली आहे. दोन्ही पर्याय प्रश्नातच, सारख्या वजनाने आले आहेत, त्यामुळे कुठलंच उत्तर ‘हो’ने देता येत नाही. ‘वापरतात का?’ या प्रश्नाला मान डोलावून मोकळं होता येतं. दारात आलेल्या माणसाला नाही म्हणणं आपल्याकडे जड जातं आणि थकलेल्या माणसाला ‘हो’ सर्वांत स्वस्त पडतं. ‘बाहेर की शौचालयात’ म्हटलं की एक निवडून बोलावं लागतं. ‘काही जण बाहेर जातात’ हे आधी आल्याने ते सांगण्यातला संकोच थोडा उतरतो. पण इथेच तिने एक रेघ आखून घेतली होती. संस्थेतल्या एका उत्साही तरुणाने सुचवलं होतं, ‘मॅडम, आपण म्हणू या की बरेच लोक अजूनही बाहेर जातात, म्हणजे मोकळेपणाने सांगतील.’ तिने ते नाकारलं. ‘बरेच’ म्हणताच कल दुसऱ्या बाजूला गेला. उलट दिशेने ढकलून मिळालेला आकडाही ढकलूनच मिळालेला असतो, मग तो आपल्या अंदाजाशी कितीही जुळो.

‘शेवटचे गेले तेव्हा’ याबद्दल वाद बराच झाला. ‘सहसा’ विचारावं असं संस्थेचं मत होतं. एखाद्या दिवशी माणूस पाहुण्याकडे गेला असेल, पोट बिघडलं असेल, मग ते उत्तर त्याचं खरं वागणं कसं दाखवणार? आक्षेप रास्त होता. तिचं उत्तर असं : एका माणसापुरतं ते उत्तर अपवादाचं असू शकतं. पण आपल्याला त्या माणसाला प्रमाणपत्र द्यायचं नाही, तालुक्याचं प्रमाण काढायचं आहे. शेकडो माणसांच्या शेवटच्या वेळा एकत्र केल्या की दोन्हीकडचे अपवाद त्यात येतात. ‘सहसा’ म्हटलं की माणसाला मनातल्या मनात सरासरी काढावी लागते, आणि सरासरी काढताना तो आपण कसे असायला हवे होतो, तिकडे झुकतो. कालची गोष्ट मात्र आठवते. या पद्धतीची मर्यादाही तिने टिपणात लिहून दिली : जुलैत केलेल्या सर्वेक्षणाचा आकडा मे महिन्याला लावता येणार नाही. टंचाईच्या दिवसांबद्दल जाणून घ्यायचं तर टंचाईच्याच दिवसांत पुन्हा जावं लागेल.

लहान मुलांचा प्रश्न या साच्यात बसला नाही. दोन वर्षांचं मूल शौचालयात जात नाही, अंगणात बसतं. आईने ती घाण कुठे टाकली हा वेगळाच प्रश्न आहे. पाच वर्षांखालच्यांसाठी तो स्वतंत्र लिहिला गेला. जुन्या प्रश्नावलीत ही मुलंही ‘सर्व सदस्यां’त होती. एका आईने त्यांना धरलं होतं, दुसरीने सोडून दिलं होतं, आणि दोघींच्या उत्तराची नोंद एकसारखी ‘हो’ होती.

आता स्वच्छतेचा उरलेला तुकडा. पहिल्या फेरीत एका सहकाऱ्याने लिहिलं : ‘गेल्या आठवड्यात शौचालय कोणी धुतलं?’ प्रश्न साधा, एका गोष्टीबद्दलचा, बोलीतला. तरी त्यात एक गृहीत धरलेलं आहे : कुणीतरी धुतलं. ज्या घरात कुणीच धुतलं नाही तिथल्या बाईला आधी प्रश्न खोडून काढावा लागतो, मग उत्तर द्यावं लागतं. त्यापेक्षा ‘मीच’ म्हणणं सोपं. म्हणून आधी ‘गेल्या सात दिवसांत हे शौचालय धुतलं गेलं, की धुवायचं राहिलं?’ आणि धुतलं असेल तरच ‘कोणी?’ टॅबवरच्या फॉर्ममध्ये दुसरा प्रश्न पहिल्याच्या उत्तरावर उघडतो, त्यामुळे सर्वेक्षकाला लक्षात ठेवावं लागत नाही.

गृहीत धरून विचारणं नेहमीच चूक असतं असंही नाही. अमेरिकेतल्या आल्फ्रेड किन्सी यांनी 1940च्या दशकात लैंगिक वर्तनाच्या मुलाखती घेताना मुद्दाम तशी पद्धत ठेवली होती. अमुक गोष्ट केलीत का, असं न विचारता पहिल्यांदा कधी केलीत, असं विचारायचं. नाकारण्याचा भार समोरच्यावर टाकायचा. लोक जे लपवतात ते बाहेर काढण्यासाठी ती युक्ती होती. पण संडास धुणं ही लपवण्याची नव्हे, मिरवण्याची गोष्ट आहे, म्हणून तीच युक्ती इथे उलटी पडते. प्रश्नाचा कल तपासताना लोकांना कोणतं उत्तर देताना बरं वाटेल, हे आधी माहीत असायला हवं, ते यासाठी.

सगळ्यांत सरळ दिसणारा, आणि तिच्या मते सगळ्यांत घातक प्रश्न कारणांचा होता : ‘पाण्याच्या टंचाईमुळे शौचालयाचा वापर होत नाही का?’ मराठवाड्यात पाण्याचं नाव घेतलं की कोण नाही म्हणेल? टंचाई खरी आहे, सन्मानाने सांगता येण्यासारखी आहे आणि दोष कुणावरच येत नाही. तेच कारण प्रश्नकर्त्याने हातात दिलं की माणूस ते घेतो आणि दुसरं शोधत नाही. आकलन-मुलाखतींत पाण्याइतकंच आणखी एक कारण पुन्हा पुन्हा येत होतं : खड्डा भरला तर? सरकारी आराखडा दोन लहान शोषखड्ड्यांचा असतो. एक भरला की दुसरा वापरायचा आणि पहिल्यातल्या मैल्याचं खत होऊ द्यायचं. लोकांच्या मनात मात्र खड्डा भरला की तो उपसणार कोण ही धास्ती असते. त्या धास्तीला जातीचा जुना इतिहास आहे. ते काम कुणाच्या माथी मारलं गेलं हे सगळ्यांना ठाऊक आहे आणि स्वतः ते करायला कुणी तयार नाही. मग खड्डा पुरवून वापरायचा : बायकांनी, म्हाताऱ्यांनी, आजाऱ्यांनी जायचं, धडधाकट पुरुषांनी बाहेर. डायान कॉफी आणि डीन स्पीअर्स यांनी उत्तर भारतातल्या अभ्यासावर 2017 साली लिहिलेल्या पुस्तकात याच भीतीचा ऊहापोह आहे. ‘पाण्याच्या टंचाईमुळे का?’ असं विचारणाऱ्या प्रश्नावलीला ही भीती कधीच भेटली नसती आणि अहवालाने आणखी टाक्या बांधायची शिफारस केली असती.

नवा प्रश्न मोकळा ठेवला : ‘घरात शौचालय असून सासरे बाहेर जातात, त्याचं काय कारण असेल?’ पर्यायांची यादी सर्वेक्षकाच्या टॅबवर, पण वाचायची नाही. उत्तर ऐकून खूण करायची, न बसलं तर शब्दशः लिहायचं. एक उत्तर आलं की थांबून ‘अजून काही?’ विचारायचं, तेही प्रत्येक घरी, सारखंच. आणि हा प्रश्न फक्त त्याच माणसांबद्दल, ज्यांच्याविषयी आधी ‘बाहेर’ असं सांगितलं गेलं आहे.

अधिकाऱ्यांचा आक्षेप आला तो वेळेचा. एका प्रश्नाचे इतके झाले, एकत्र कुटुंबात तर यादी संपतच नाही. लोक कंटाळतील, सर्वेक्षक घाई करतील. यात तथ्य आहे. लांबलेल्या मुलाखतीच्या शेवटची उत्तरं पातळ होत जातात, हे फील्डवर काम केलेल्या प्रत्येकाने पाहिलेलं असतं. तिने उलट विचारलं : बाकीच्या प्रश्नांच्या उत्तरांचं तुम्ही काय करणार आहात? प्रत्येक प्रश्नासमोर लिहा, हो आलं तर काय कराल आणि नाही आलं तर काय कराल. दोन्हींना सारखंच लिहावं लागलं तो प्रश्न काढू. ‘स्वच्छ भारत अभियानामुळे गावातील महिलांना मिळालेल्या सुरक्षिततेबद्दल व सन्मानाबद्दल आपण किती समाधानी आहात?’ हा प्रश्न इथेच गळाला. त्यात सुरक्षितता मिळालीच असं धरलं होतं, सन्मान तिला जोडला होता, आणि पर्याय होते ‘अत्यंत समाधानी’, ‘समाधानी’, ‘बऱ्यापैकी समाधानी’, ‘असमाधानी’. तीन पायऱ्या वर, एकच खाली. आलेल्या उत्तरावरून काय करणार, ते कुणालाच लिहिता आलं नाही. त्याच्या जागी बायकांसाठी एक प्रश्न राहिला : ‘अंधार पडल्यावर शौचाला जावं लागलं तर कुठे जाता?’ आणि त्यापाठोपाठ ‘जाताना भीती वाटते, की वाटत नाही?’ असे आणखीही काही प्रश्न गेले आणि मुलाखतीचा वेळ पुष्कळसा आवाक्यात आला.

प्रश्न कागदावर दुरुस्त झाले, पण ते दारात जसेच्या तसे पोचतीलच असं नव्हतं. प्रशिक्षणात सर्वेक्षकांना जोडीजोडीने बसवून एकमेकांना प्रश्न विचारायला लावले, तेव्हा जुनी सवय पुन्हा वर आली. ‘बाहेर की शौचालयात’चं दोन-तीन घरांनंतर ‘शौचालयातच ना?’ होऊ लागलं. एका ‘ना’ने इतका वेळ घेऊन तोललेलं वाक्य पुन्हा कलतं. मुलींचा यात दोष नव्हता. आपल्याकडे दारात बसून बोलताना माणूस समोरच्याला ओशाळवाणं वाटू नये म्हणून असंच बोलतो. शिवाय प्रश्न जितका पुस्तकी, तितका सर्वेक्षक तो आपल्या शब्दांत सांगतो, आणि प्रत्येक जण वेगळ्या शब्दांत. ‘शौचविधीसाठी कोणत्या सुविधेचा अवलंब करता?’ असं छापलं तर ते तसं कुणीच विचारणार नाही. म्हणून तिने प्रत्येक वाक्य सर्वेक्षकांकडूनच मोठ्याने म्हणवून घेतलं आणि जिथे त्यांची जीभ अडखळली, तिथे वाक्य बदललं. एका मुलीने सांगितलं की तिच्या गावाकडे ‘बाहेर बसायला’ म्हणतात, नुसतं ‘बाहेर’ म्हटलं तर गावाला गेले असं वाटेल. ते तसं घेतलं. बोलीतले असे पर्याय आधीच छापून दिले, म्हणजे दारात उभं राहून कुणाला सुचवावे लागू नयेत. उत्तरदात्याच्या संमतीने काही मुलाखती टॅबवर ध्वनिमुद्रित करायच्या आणि रोज संध्याकाळी त्यातल्या एकदोन सगळ्यांनी मिळून ऐकायच्या, असं ठरलं. ‘ना’ कानाला लगेच कळतो.

घर दाखवायला ग्रामपंचायतीचा माणूस बरोबर घ्यायचा नाही, हाही नियम झाला. गल्लीपर्यंत यावं, मग जावं. शिपाई ओट्यावर बसून ऐकत असेल तर सर्वांत तोललेला प्रश्नही कलून जातो.

शेवटी एक अडचण उरली, तिला सोपं उत्तर नव्हतं. संस्थेने काही वर्षांपूर्वी याच तालुक्यात तो जुना जोडप्रश्न विचारला होता. आता प्रश्न बदलला तर तुलना कशी करायची? वापर कमी निघाला तर लोक मागे गेले असं वाचलं जाईल, आणि खरं कारण प्रश्नात असेल. शब्द बदलल्याने आकडे किती हलतात याचं जुनं उदाहरण तिला नेहमी उपयोगी पडतं. अमेरिकेत डोनाल्ड रग यांनी 1941 साली दोन प्रश्नांची तुलना छापली. लोकशाहीविरोधी जाहीर भाषणांना सरकारने परवानगी द्यावी का, असं एका गटाला विचारल्यावर 62 टक्के लोक नको म्हणाले. दुसऱ्या, तसल्याच गटाला विचारलं की अशा भाषणांवर सरकारने बंदी घालावी का. हो म्हणणारे 46 टक्केच निघाले. परवानगी न देणं आणि बंदी घालणं यांचा परिणाम एकच, पण ‘बंदी’ हा शब्द तोंडून काढताना माणूस कचरतो. त्या दोन आकड्यांकडे दोन वेगळ्या वर्षांचे आकडे म्हणून पाहिलं असतं, तर देशाचं मत पालटलं असा निष्कर्ष कुणीही काढला असता.

म्हणून तिने तोच मार्ग सुचवला. नमुन्यातल्या दर चार घरांपैकी एकाला, टॅबने परस्पर निवडून, जुना प्रश्न जसाच्या तसा विचारायचा, त्यातल्या सगळ्या दोषांसकट. उरलेल्या तिघांना नवा. जुन्याची तुलना जुन्याशी करायची, म्हणजे काळाने काय बदललं ते दिसेल. जुना आणि नवा शेजारी ठेवायचे, म्हणजे विचारण्याने काय बदललं ते दिसेल. खर्च फारसा वाढत नाही. पण जुन्या प्रश्नाचा भाग लहान असल्याने त्या आकड्याची चूक-मर्यादा मोठी राहते, गावनिहाय तर तो वापरताच येणार नाही, हेही तिने संस्थेकडून लेखी मान्य करून घेतलं.

सासऱ्यांबद्दल सुनेने सांगितलेलं कितपत धरायचं, हा मुद्दा अजून सुटलेला नाही. प्रत्येकाला गाठून विचारायचं तर पहाटे मळ्यात गेलेला माणूस संध्याकाळीच भेटतो, त्यासाठी दुसरी फेरी लागते आणि तेवढे पैसे नव्हते. निवडक घरांमध्ये दोघांनाही वेगवेगळं विचारून उत्तरं किती जुळतात ते पाहायचं ठरलं आहे. अहवालाच्या मसुद्यात प्रत्येक तक्त्याच्या वर विचारलेला प्रश्न पूर्ण छापलेला असावा आणि खाली उत्तर कुणी दिलं ते असावं : स्वतः, की घरातल्या दुसऱ्या कुणी. मांडणी करणाऱ्याने जागेसाठी या ओळी दोनदा काढल्या. तिने दोन्ही वेळा त्या परत घालून घेतल्या.